हातात पडलेली नोटीस

मंचरला वकिली सुरू करून मला चार वर्षं झाली होती, पण हायकोर्टाची रिट याचिका तोवर मी स्वतः लिहिलेली नव्हती. ती वेळ आणली लोणीच्या पलीकडच्या एका गावातल्या बचत गटानं. गटाला रेशन दुकान मंजूर झालं होतं आणि पाच महिने बायका ते नीट चालवत होत्या. गावातल्या दुसऱ्या अर्जदाराचं अपील फेटाळलं गेलं होतं. मग त्यानं सरकारकडे फेरतपासणीचा अर्ज केला आणि एके दिवशी गटाच्या हातात आदेश पडला. गटाची मंजुरी रद्द, दुकान त्या अर्जदाराला, अंमलबजावणी सात दिवसांत. कारण एका ओळीचं होतं: ‘अर्जदाराचे म्हणणे योग्य वाटते.’

गटाच्या अध्यक्षा पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. सुनावणीला बोलावलं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही कुणी गेलो नाही. मी तेवढ्यावर थांबले आणि लिहायला बसले.

मुंबईतल्या माझ्या सीनियरांना फोनवर पहिला मसुदा वाचून दाखवला. त्यात ‘घोर अन्याय’ तीनदा होता. ते म्हणाले, विशेषणं काढ आणि मुद्दे ठेव. त्याप्रमाणे मुद्दे मांडले. गटाला ऐकून न घेता आदेश दिला. आदेशात कारणं नाहीत. खालच्या दोन्ही अधिकाऱ्यांनी गटाची निवड का योग्य ठरवली, याचा विचारच नाही. म्हणून आदेश मनमानी आणि समानतेच्या हक्काविरुद्ध. या आदेशावर पुढे अपील नाही, म्हणून थेट हायकोर्टात.

अंतरिम स्थगितीचा परिच्छेद मात्र मला जमेना. ‘भरून न येणारं नुकसान’ असं लिहून भागणार नव्हतं. शेवटी साधं लिहिलं. महिन्याचं धान्य गटानं उचललंय, वाटप अर्धं झालंय. आदेशाचे चार दिवस उरलेत. कार्डं एकदा दुसऱ्या दुकानाला जोडली की याचिका जिंकूनही हाती काही राहणार नाही. उलट समोरच्यानं हे दुकान कधी चालवलेलं नाही, थांबल्यानं त्याचं काही जात नाही.

याचिका इंग्रजीत. सही मावशींची, म्हणून सकाळी ऑफिसात त्यांना ती ओळीनं मराठीत सांगत होते. दुपारी मुंबईला निघायचं होतं. ‘गटाला सुनावणीची कोणतीही नोटीस मिळाली नाही’ हे वाक्य आलं आणि त्यांनी हात वर केला.

“ताई, हे आसं नका लिहू. नोटीस आली व्हती. तारीख निघून गेल्यावर आली.”

मी पेन खाली ठेवलं. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, जरा चढ्या आवाजातच.

“तुमी सुनावणीला बोलावलं का ते इचारलं. नोटिशीचं न्हाई इचारलं.”

चूक माझीच होती. सरकारी वकिलांनी कोर्टात जावक नोंदवही काढली असती, तर गट खोटं बोलतो एवढंच दिसलं असतं आणि स्थगिती तिथंच संपली असती. पाकीट कुठंय, विचारलं. ते घरी होतं. मावशी जीपनं गावी गेल्या आणि दीड तासात पाकीट घेऊन आल्या. पोस्टाचा शिक्का सुनावणीनंतरच्या तिसऱ्या दिवसाचा होता.

परिच्छेद नव्यानं लिहिला. नोटीस निघाली हे मान्य केलं, ती कधी पोचली ते सांगितलं आणि पाकिटाची प्रत जोडली. गटाची बाजू त्यानं लंगडी झाली नाही. आधीच्या वाक्यात नव्हता तो पुरावा आता हातात होता.

दुसऱ्या दिवशी हायकोर्टात मावशींनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. याचिका दाखल झाली, सरकारला आणि समोरच्या अर्जदाराला प्रती पोचवल्या. सीनियरांनी तातडी सांगून तिसऱ्या दिवशीची तारीख मिळवली. त्या दिवशी सरकारी वकील उठले ते नोटीस रवाना झाल्याचं सांगायलाच. न्यायमूर्तींनी आमचा परिच्छेद वाचला, पाकिटाची प्रत पाहिली आणि नोटीस पोचली कधी एवढंच त्यांना विचारलं. त्यांच्या फाइलमध्ये ते नव्हतं. पुढच्या तारखेपर्यंत आदेशाला स्थगिती मिळाली. मावशी मागच्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, उद्या दुकान उघडायचं ना?

काही महिन्यांनी हायकोर्टानं आदेश रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं. या वेळी नोटीस वेळेत आली. मावशी आणि गटातल्या दोघी जाऊन बोलल्या, समोरचाही बोलला. निकाल गटाच्या बाजूनं लागला, आणि त्यात कारणं अडीच पानं होती. मावशींनी ती मला ऑफिसात सगळी वाचून दाखवायला लावली.