वरच्या फ्लॅटची किल्ली

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते. गोदामातला माल वापरण्यासाठी असतो, यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. कुणी चार स्क्रू मागितले तरी जावयानं घर मागितल्यासारखं तोंड करायचे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना एक घड्याळ दिलं आणि ताईला भाऊजी दिले. ताई म्हणते, घड्याळ निदान अधूनमधून बंद तरी पडतं.

त्या दिवसापासून तिच्या घराचं गोदाम झालं. ती कुलूप लावून निघाली की हे मागून ते ओढून बघणार. "गॅस बंद केलास?" केला म्हटलं तरी कुलूप उघडून आत जाऊन बघून येणार. ती आंघोळीला गेली की दाराबाहेरून विचारणार, "बादली भरली का? मग नळ बंद कर की." माझ्या बहिणीसारखी शांत बाई मी पाहिली नाही, पण शांत माणसाचाही अंत बघू नये.

मग भाऊजींचं नशीब उघडलं. त्यांच्या भाच्याचा फ्लॅट त्याच इमारतीत, एक मजला वर. भाचा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. भाडेकरू सोडून गेले आणि नवे मिळेपर्यंत किल्ली मामाकडे आली. रिकामं गोदाम, आणि कुणी काही मागायला येणार नाही. भाऊजींनी किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. फक्त आंघोळीपुरती काढायचे, गंजेल म्हणून.

दर आठवड्याला त्यांची पाहणी असे. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं बरोबर होतं. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, विजेचा स्विच खाली, सिलिंडर बाहेर, फ्रिज रिकामा करून त्याचं दार फटीत लाकूड घालून उघडं. वाळवीसाठी चौकटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघायचे, पोकळ आवाज येतो का म्हणून. पण एका गोष्टीनं त्यांना पछाडलं होतं. फ्लॅट कोरडा राहिला पाहिजे. म्हणून आत पाण्याचा थेंब नाही. खिडक्या बोटभर उघडायच्या आणि धूळ येईल म्हणून लगेच लावायच्या. कपाटं तर कुलूपबंद.

"भाऊजी, कपाटांना हवा नको का?" मी एकदा विचारलं.

"हवेतूनच ओल येते," ते म्हणाले. "तुला गोदामाचा अनुभव नाही."

तरीही फ्लॅट सुंदर राहिला. महिने गेले, पण कुबट वास नाही, किडा नाही, बुरशी नाही. भाऊजी जिन्यात भेटेल त्याला धरून सांगायचे, की घर राखणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लोक लिफ्टनं जायला लागले.

खरी गोष्ट फक्त मला माहीत होती. भाऊजी आंघोळीला असताना ताईनं कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून जोडकिल्ली करून आणली होती. दुपारी भाऊजी झोपले की ती वर जायची. व्हॉल्व्ह उघडायची, सगळ्या खिडक्या उघडायची, भाऊजींच्या डब्यातून कपाटांच्या किल्ल्या नेऊन तीही उघडायची, फरशी पुसायची आणि निवांत आंघोळ करायची. मग ओले केस मोकळे सोडून रिकाम्या खोलीत जमिनीवर बसायची. निघताना सगळं होतं तसं बंद. "तिथे करतेस काय?" मी विचारलं होतं. "काही नाही," ती म्हणाली. "कुणी विचारत नाही, तेवढंच." मला तिचा हेवा वाटला, आणि थोडं वाईटही वाटलं.

चोरी उघडकीला आली ती बादलीमुळे. भाऊजी ती उपडी ठेवायचे, एकदा सरळ दिसली. त्यांनी दाराच्या तळाशी चौकटीला धागा चिकटवला. दुसऱ्या दिवशी धागा तुटलेला. भाऊजींच्या अंगात वारं शिरलं. रखवालदाराची झडती झाली, शेजारच्या बाईंशी बोलणं बंद झालं आणि त्याच संध्याकाळी दाराचं कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या जादा किल्ल्या भाऊजींनी बँकेच्या लॉकरात नेऊन ठेवल्या. एक गळ्यात. दारावर गोदामासारखी सहीची चिठ्ठी चिकटवली, आणि ती फाटू नये म्हणून आठवड्याची पाहणीही थांबवली.

ताईचा मला फोन आला. "गेलं माझं माहेर," एवढंच म्हणाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी भाच्यानं कळवलं की एक जोडपं फ्लॅट बघायला येतंय. "मामा, सगळं नीट आहे ना? या वेळी फिसकटलं तर मी किल्ली एजन्सीकडे देतो. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा." भाडेकरूला किल्ली देणं वेगळं, पण नालायक ठरून ती जाणार, या विचारानंच भाऊजी ताटावरून उठले. मी नेमकी तेव्हा ताईकडे राहायला आले होते. जोडपं यायच्या चार दिवस आधी आम्ही तिघं वर गेलो.

दार उघडलं आणि भाऊजी एक पाऊल मागे आले. गटाराचा वास. मेन स्विच वर करून दिवा लावताच झुरळांनी न्हाणीघरातून स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. कपाट उघडलं, तर मागच्या फळीवर बुरशीची हिरवी लव. इतके महिने मिरवलेलं सगळं एका दमात पाण्यात गेलं, आणि तेही पाणी नसल्यामुळे.

झुरळांच्या औषधवाल्याला बोलावलं. त्यानं न्हाणीच्या जाळीवर टॉर्च मारला. "खाली कोरडं ठक्क आहे. इथे पाणी साचून राहायला हवं, त्यानंच वास आणि झुरळं अडतात. पाणी उडून गेलं की गटार थेट घरात. मी औषध लावतो, पण तुम्ही दर फेरीला जाळीत तांब्याभर पाणी ओता."

"मी पहिल्या दिवसापासून थेंब टाकलेला नाही," भाऊजी म्हणाले. स्टोअरकीपर तो, हिशेब लागल्याशिवाय सोडणार नाही. "मग इतके महिने वास का आला नाही?"

ताईनं पदराची गाठ चाचपली.

"मी आंघोळ करायचे," ताई म्हणाली.

"इथे? का? आपल्याकडे पाणी नाही?"

"पाणी आहे हो. पण दाराबाहेर तुम्ही असता."

औषधवाल्याला अचानक स्वयंपाकघरात फार काम निघालं.

"खिडक्या?" भाऊजींनी विचारलं.

"त्याही मीच उघडायचे. कपाटंसुद्धा."

"मग चोर..."

"मीच," ताई म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून जुनी जोडकिल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

भाऊजींनी ती बिनकामाची किल्ली उलटीपालटी करून बघितली. ज्या चोरापासून फ्लॅट राखला, त्यानंच तो राखला होता. मला वाटलं आता व्याख्यान होणार. पण त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि नवी किल्ली ताईला दिली. "जाळ्यांत पाणी टाक," म्हणाले. "मी खाली जातो."

ताईनं तो फ्लॅट पुन्हा ताळ्यावर आणला. कोरड्या उन्हाच्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, कपाटं पुसून वाळवली, जाळ्यांत पाणी ओतून वर दोन थेंब तेल सोडलं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. जोडप्याला फ्लॅट आवडला. भाच्यानं फोनवर मामाचं तोंडभर कौतुक केलं, आणि मामानं ते सगळं घेतलं. माणूस एका दिवसात किती बदलणार?

किल्ल्या जोडप्याच्या हाती गेल्या. ताईनं टाळं लागलेल्या दुकानाकडे बघावं तसं एकदा वर बघितलं आणि भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी झोपले नाहीत. चपला घातल्या, घराची किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "जरा खाली बसतो. घराला हवा लागू दे." गॅसचं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आता रोज दुपारी ते खालच्या बाकावर बसतात. ताई आतून कडी लावते. ऊन उतरलं की भाऊजी वर येतात आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. ताई कधीकधी लगेच उघडत नाही. भाऊजी दुसऱ्यांदा वाजवत नाहीत, दाराबाहेर उभे राहतात.