एक जूनचा चंद्र

आमच्या गल्लीत एक जूनला निम्म्या लोकांचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारायची, आईबापांनी डोकं खाजवायचं आणि मास्तरांनी एक जून लिहून मोकळं व्हायचं, अशी आमच्याकडची जुनी रीत. मीही त्यातलीच. दरवर्षी त्या दिवशी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो आणि नवरा बेकरीतून केक आणतो. मी तो निमूट कापते. मिरची कांडप सुरू करायचं ठरेपर्यंत त्यात काही बिघडलं नव्हतं.

हे कांडप माझ्या डोक्यात लग्नापासून होतं. दर चैत्रात दुसऱ्याच्या कांडपापुढं डबा घेऊन ताटकळायचं, त्यात आपली ब्याडगी मिरची कोण भलतीच घेऊन जायची, असली कटकट मी बरीच वर्षं सोसली होती. शेवटी उचगावात गाळा घेतला, यंत्र बसवलं, कागदपत्रं माझ्या नावावर झाली. आता घाई एवढीच होती, की चटणीचा हंगाम फाल्गुनात सुरू होतो आणि पाऊस लागला की संपतो. चैत्र हातचा गेला असता तर नवं कोरं यंत्र वर्षभर झाकून ठेवायची पाळी होती.

मुहूर्ताला आम्ही गुरुजींकडे गेलो. नवऱ्यानं बसल्या बसल्या स्वतःची रास पुढं केली.

"सिंह हाय माझी. दणदणीत रास हाय."

"असेल. धंद्याचा मालक कोण?" गुरुजींनी विचारलं.

"ही."

"मग तुमचा सिंह घरी बांधून ठेवा. चंद्र वहिनींचा बघायचा."

मला गुरुजी तिथंच आवडले. दिवस नुसता चांगला असून भागत नाही, तो मालकाला मानवला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्या दिवशीचा चंद्र मालकाच्या जन्मराशीपासून कितवा येतो ते मोजायचं. चौथा, आठवा, बारावा नको. हे चंद्रबळ. मग जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नवानं भागायचं. बाकी तीन, पाच किंवा सात उरली तर ती तारा वाईट. हे ताराबळ.

नवऱ्यानं लगेच माझ्या आधारचा फोटो दाखवला. जन्मवेळ विचारल्यावर म्हणाला, "सकाळचीच असणार. सकाळी लई तापलेली असती."

पंचांग उलटसुलट झालं. एक जूनच्या सकाळी भरणी नक्षत्र निघालं, रास मेष. त्यावरून चैत्र शुद्ध पंचमी, गुरुवार, मृग नक्षत्र असा दिवस ठरला. चंद्र मिथुनेत, मेषेपासून तिसरा. भरणीपासून मृग चौथं, म्हणजे क्षेम तारा. वर सकाळी वृषभ लग्न, ते स्थिर. "दुकान एकदा उघडलं की जागचं हलू नये, म्हणून स्थिर लग्न," गुरुजी म्हणाले. आम्ही खूश होऊन पत्रिका छापल्या आणि वाटल्यासुद्धा.

मंगळवारी मुरगूडहून आई आली. पत्रिका हातात घेऊन तिनं मुहूर्त कसा काढला ते विचारलं. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं, एक जूनसकट.

"एक जून कुणाचा?" आई म्हणाली.

"हिचा की."

"ही व्हय जूनची? जावईबापू, जूनमदी आमी शेतात पेरत हुतो. ही गौरी आणायच्या दिवशी झाली. बायका गौर घिऊन उंबऱ्यात आल्या आणि हिनं आत टाहो फोडला. त्या साली गौरीची शेपूची भाजी-भाकरी माज्या तोंडाला लागली न्हाय."

ही भाजी-भाकरी मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण गौर भादव्यात येते, एक जून भादव्यात येत नाही, एवढी साधी बेरीज माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. नवरा घाम पुसत म्हणाला, "आत्ती, परवा उद्घाटन हाय. जरा जूनचीच असूंद्या की."

"मी काय दुसऱ्यांदा बाळंत हू?" आई म्हणाली.

तिघं गुरुजींकडे गेलो. मला वाटलं, आता ते साल विचारणार, वेळ विचारणार आणि आई पुन्हा पेरणी सांगणार. पण गुरुजींचा चेहरा उजळला. गणपती तिथीवर येतात, गौरी मात्र नक्षत्रावर. अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर पुजायच्या, मुळावर पोचवायच्या. "गौर उंबऱ्यात असताना जन्म म्हणजे अनुराधा. क्षणभर इकडंतिकडं होऊन ज्येष्ठा लागली असली तरी रास वृश्चिकच," असं म्हणून त्यांनी आधारवरच्या सालाचं जुनं पंचांग काढून पडताळून पाहिलं. अनुराधाच होती.

मग ते बोटावर मोजू लागले. वृश्चिकेपासून मिथुन आठवी. अनुराधेपासून मृग सोळावं. नऊ वजा केले की सात, म्हणजे वध तारा.

"अष्टम चंद्र आणि वध तारा," गुरुजी म्हणाले. "वहिनी, यापेक्षा वाईट दिवस मुद्दाम शोधला असता तरी मिळाला नसता."

"मग बुधवारी करूया की," नवरा म्हणाला. "एक दिस अलीकडं."

"रोहिणी आहे, चंद्र सातवा, तारासुद्धा चांगली. पण तिथी चतुर्थी. रिक्ता. रिकाम्या तिथीला दुकान उघडून काय रिकामं बसायचंय?"

शेवटी पुढच्या आठवड्यातला शुक्रवार निघाला. त्रयोदशी, हस्त नक्षत्र, चंद्र कन्येत म्हणजे वृश्चिकेपासून अकरावा, लाभाचा. अनुराधेपासून हस्त चोविसावं, बाकी सहा, साधक तारा. राहुकाळ लागायच्या आत वृषभ लग्नही मिळत होतं. हंगाम वाचला, पण गुरुवारच्या पत्रिका गावभर झाल्या होत्या.

नवऱ्यानं दोन दिवस फोन केले. तरीही गुरुवारी बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दारात हजर. यंत्राला हात लावायचा नाही म्हटल्यावर एकजण म्हणाली, "मग काय नुस्तं बघून जायाचं व्हय?" आईनं सतरंजी टाकली आणि सगळ्यांना देठ खुडायला बसवलं. वध तारेवर देठ खुडलेले चालतात का, हे कुणी गुरुजींना विचारलं नाही.

शुक्रवारी संकल्प झाला. गुरुजींनी माझ्या नावामागं अनुराधा नक्षत्र आणि वृश्चिक रास म्हटली. पंचांगातले ते दोन शब्द ऐकून मी मान वळवून आईकडं बघितलं. आजवर प्रत्येक कागदावर मी मास्तरांची तारीख लिहिली होती, आणि माझ्या खऱ्या दिवसाची साक्षीदार एकटी आई होती. ती मागं बसून देठ राहिलेल्या मिरच्या निवडत होती.

मी पहिली मूठ टाकली, बटण दाबलं, मिरचीचा झणझणीत खाट उठला आणि सगळा गाळा एका सुरात शिंकला. नवरा पांढराफटक. ऐन मुहूर्तावर शिंक. गुरुजी स्वतः दोनदा शिंकले, उपरण्याला नाक पुसलं आणि म्हणाले, "मिरचीची शिंक धरत नाहीत."

तो हंगाम चांगला गेला. पाऊस लागायच्या बेतात होता, आई शेवटची चटणी कुटायला आली होती आणि नवरा सवयीनं केक घेऊन आला. बँकेचाही मेसेज येऊन पडला होता. आईनं चष्म्यावरून खोक्याकडं बघितलं.

"कुणाचा वाढदिवस?"

"मास्तरांचा," मी म्हटलं, आणि केक कापला.