भाताचं कार्ड

चंद्रपूरजवळच्या कागद कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी कारकून होतो. पाककृतींची इंग्रजी कार्डं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. भाताच्या कार्डावर होतं: पाच किलो तांदूळ, दहा लिटर पाणी, उकळीनंतर झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं, तयार भात साडेबारा किलो, अडीचशे ग्रॅमच्या पन्नास ताटल्या. मी ते जसंच्या तसं मराठीत उतरवून मुख्य स्वयंपाकीणबाईंना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "भाऊ, बांबू उतरवून आलेल्या माणसाले एवढ्यानं काय होते? तांदूळ सहा किलो लिहून टाका ना."

मलाही पटत होतं. "बाई, मी आकडा बदलला तर ते भाषांतर राहणार नाही. कॅन्टीनच्या साहेबांनाच सांगू."

"माह्यं आयकतील का ते?"

"मी येतो ना सोबत."

साहेबांसमोर बाई आधी अडखळल्या, मग धीटपणे बोलल्या. साहेब दुपारी जेवणाच्या वेळी स्वतः येऊन उभे राहिले, आणि त्यांनी नवं कार्ड मंजूर केलं: सहा किलो तांदूळ, बारा लिटर पाणी, वेळ तीच, तयार भात पंधरा किलो, तीनशे ग्रॅमच्या पन्नास ताटल्या.

तेही मी मराठीत उतरवलं. बाईंनी ते भट्टीजवळच्या भिंतीवर चिकटवलं आणि प्रत्येक आकड्याखाली बोट धरून हळूहळू वाचलं.