बनूची चारशे मीटर

गयाबाईंना गुडघा जितका दुखत नसे, तितकी जाऊ दुखत असे.

दोघींची गुडघ्याची ऑपरेशनं एकाच शिबिरात झालेली. गयाबाई बुवापाड्यात, धाकटी जाऊ बनूबाई बदलापूरला मांजर्लीत. चाल रोज मोजायची म्हणून महेंद्रनं आईच्या आणि काकूच्या फोनमध्ये एकच ॲप टाकून दिलं, आणि घरात आग लावून तो कामावर गेला.

"जय भीम, अक्का! आज चारशे मीटर झाली!" बनूबाईंचा फोन. "तुमची किती?"

"माझी... होतायत," म्हणत गयाबाईंनी फोन ठेवला. त्यांची दीडशेच्या पुढे जात नव्हती.

चार मीटरचा फरक असता तर चाललं असतं. पण बुद्ध पौर्णिमेला बुवापाड्याच्या विहारात पुढं उभं राहून त्रिशरण सांगायचा मान गयाबाईंचा. महिला मंडळात कुणीतरी म्हणालंच होतं, "या वर्षी बनूताईंना सांगूया, पौर्णिमेला त्या इथंच येतात, विनावॉकर चालतील." ते वाक्य गयाबाईंना झोपू देईना. मग त्या गच्चीवर फेऱ्या वाढवत गेल्या. गुडघा गरम झाला, सुजला. साडी थोडी खाली नेसली की झालं.

फिजिओथेरपिस्ट किर्तीनं साडी वर करायला लावली.

"अहो मावशी! हा गुडघा आहे की कलिंगड? कुणी सांगितलं इतकं चालायला?"

"बनीनं."

"बनी कोण? डॉक्टर?"

"जाऊ! चारशे चालते ती. घराच्या दारातल्या बोळात. मी मोकळ्या गच्चीवर पाय तुटेस्तोवर चालते, तर दीडशे. तिचा पाय सोन्याचा आहे काय?"

"बोळ कसा आहे?"

"दोन्हीकडं सात-सात मजले, मधे पत्रे."

किर्ती हसली. गयाबाईंच्या फोनवर ॲप चालू करून तिनं तो खिडकीत ठेवला. "चहा टाका. आता याला हात लावायचा नाही."

चहा होईस्तोवर दोघी बोलत बसल्या. कप रिकामे झाल्यावर किर्तीनं फोन पुढं केला. बसल्या जागी फोन साठ मीटर चालला होता.

"बया! याला काय भूत लागलं?"

"भूत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल पकडून आपली जागा ठरवतो. ती जागा नेमकी नसते, पाच-दहा मीटर इकडंतिकडं होते. उंच भिंतींवर, पत्र्यांवर आपटून आलेला सिग्नल मिळाला तर आणखी लांब सरकते. हे ॲप त्या ठिपक्यांमधलं अंतर नुसतं मिळवत जातं. खोटी उडी मागं आली तरी वजा होत नाही, तीही बेरजेतच."

"मग महेंद्र स्टेशनपर्यंत चालतो, त्याचं बरोबर येतं, ते?"

"तो लांब जातो ना. किलोमीटर-दीड किलोमीटरात दहा मीटर चुकले तर कळतही नाही. काकूंचा बोळच दहा-बारा मीटरचा. चूक बोळाएवढीच मोठी!"

गयाबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे बनी चाललीच नाही!"

"किती चालल्या ते फोनला ठाऊक नाही, एवढंच. तुमची दीडशेसुद्धा खरी नाही. कमी असेल, जास्त असेल."

उजेड जरा मावळला.

"आणि मावशी, काकूंना सांगा हं. चारशे झाली समजून त्या लवकर बसत असतील, तर गुडघा आखडेल. टेपनं बोळ मोजायचा आणि फेऱ्या मोजायच्या. आणि तुम्ही चार दिवस बर्फ. पौर्णिमेला विहारात वॉकर धरूनच."

किर्ती गेली. गयाबाई फोन हातात घेऊन बसल्या. सांगितलं नाही तर? बनी चारशेच्या तोऱ्यात बसून राहील, गुडघा वाकणार नाही, पौर्णिमेला खुर्चीत बसेल. विचार गोड होता. मग ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात शेजारच्या खाटेवरून बनी भीतीनं हळूच म्हणाली होती, "अक्का, झोपलात का?" तेही आठवलं. गयाबाई चिडल्या. स्वतःवर की बनीवर, कळेना. त्यांनी बनूबाईंना फोन लावला.

"बने! ते ॲप खोटं बोलतं. बसल्या जागी मीटर पळवतं. टेप आण आणि बोळ मोज."

"तुम्हाला बघवत नाही ना, अक्का?"

"नाही बघवत! तरी मोज. किर्तीताई म्हणाली, कमी चाललीस तर पाय आखडेल."

संध्याकाळी फोन आला. "अक्का, बोळ अकरा मीटर. दहा फेऱ्या केल्या. किती झाली?"

गयाबाईंनी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरळ केली. "एकशे दहा."

"वॉकर न धरता हं!"

गयाबाईंनी कडेला ठेवलेल्या आपल्या वॉकरकडं बघितलं.

"टेप ढिली धरली असशील," त्या म्हणाल्या. "परत मोज."