‘जत्रा भरते’ या दोन शब्दांचा खर्च

दुष्काळाच्या त्या साली नगर जिल्ह्यात पाणी कमी आणि लेखक फार झाले होते. त्यांतले निम्मे कॉलेजात शिकवायचे आणि सगळेच्या सगळे माझ्या फोटो स्टुडिओत फुकटचा चहा प्यायचे. त्यांतलेच एक मराठीचे प्राध्यापक एका दुपारी सहा पानांची पटकथा घेऊन आले आणि माझ्या काउंटरवर अशी ठेवली, जशी देव्हाऱ्यात पोथी ठेवावी.

साखर कारखान्याच्या चेअरमनना दहा मिनिटांची फिल्म हवी होती. दुष्काळात कारखान्याने काय केलं ते सभासदांना पडद्यावर दाखवायचं. सोमवारी संचालकांची बैठक होती. खर्च सहा हजारांत बसला तर फिल्म, नाहीतर त्याच पैशाचा जनावरांना कडबा घ्यायचा, असं चेअरमननी साफ सांगितलं होतं.

प्राध्यापकांना दिग्दर्शक व्हायचं होतं, ते होवोत बापडे. मला कॅमेरा हवा होता. मुंबईत एका फिल्म कंपनीत मी दोन वर्षं फिल्मचे डबे उचलले होते (सांगताना पाच सांगत असे, बायकोला सात). त्यानंतर दहा वर्षं पासपोर्टचे फोटो आणि लग्नं. नवऱ्यांची तोंडं बघून बघून मला मुंडावळ्यांचा उबग आला होता. कडबा आला असता तर मी मरेपर्यंत “मान जरा डावीकडं” म्हणत राहिलो असतो.

“खर्चाचा अंदाज मी काढलाय,” प्राध्यापक म्हणाले आणि चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीत तीन ओळी: कॅमेरा, फिल्म, किरकोळ. बेरीज तीन हजार.

“सर, हा पटकथेवरून काढला?”

“पानांवरून. सहा पानं, पानाला पाचशे.”

मी तोंडातला चहा गिळला, नाहीतर पटकथा ओली झाली असती. पानावर खर्च काढणारा माणूस उद्या लग्नाचा खर्च पत्रिकेच्या कागदावरून काढील. मी लाल-निळी पेन्सिल घेतली आणि सर समोर बसलेले असतानाच त्यांच्या साहित्याचा पंचनामा सुरू केला. प्रत्येक प्रसंगाखाली लिहायचं: जागा कुठली, दिवस की रात्र, माणसं किती, वस्तू कोणत्या. पहिल्या प्रसंगात म्हातारी आई दारात बसून ऊसतोडीला गेलेल्या मुलाची वाट बघते. स्वस्त. दुसऱ्यात विहीर. स्वस्त, कोरडी विहीर कुठंही मिळत होती. चौथ्या प्रसंगावर पेन्सिल थांबली. तिथं दोनच शब्द होते: ‘जत्रा भरते.’

“ही कोण भरवणार?”

“गावकरी उत्साहानं येतील की! फुकट.”

“सर, आपण जिथं फिल्म काढणार त्या तिसगावातलं अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. उरलेलं दुष्काळी कामावर खडी फोडतंय. तुमच्यासाठी तीनशे माणसं आली, तर तीनशे माणसांची मस्टरवरची हजेरी बुडते. माणशी तीन रुपये धरा. त्यावर पाळणा, रेवड्यांची दुकानं, आणि तुमचा उत्साह. दोन शब्दांना दोन हजार.”

प्राध्यापकांनी दोन्ही शब्द असे पाहिले, जणू तेच त्यांच्याकडे पैसे मागत होते. “पण जत्रेशिवाय मायलेकांचा वियोग कसा दाखवणार?” ते कळवळले. मला वाटलं, आता रडतात.

“बाजारात दाखवा. खडीच्या कामाला सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशीच असते आणि गर्दी आपल्या पायानं येते. कॅमेरा टेम्पोत ताडपत्रीमागं ठेवायचा, म्हणजे लोक कॅमेऱ्यात बघत नाहीत.”

मग मी सुटलोच. नऊ प्रसंग त्यांनी लिहिलेल्या क्रमानं घ्यायला अकरा दिवस लागले असते. एका जागेचे सगळे प्रसंग एकदम उरकायचे ठरवले, तर चार दिवस झाले. शेतातली रात्र खरोखर रात्री घेतली असती, तर दिवे आले असते, दिव्यांमागं जनरेटर आणि जनरेटरमागं त्याचा मिस्त्री. ती भर उन्हात लाल फिल्टर लावून, उजेड कमी घेऊन काढायची. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये आकाश काळवंडतं आणि सभासद कंदील शोधायला लागतात. दहा मिनिटांना सोळा एमएमची साडेतीनशे-चारशे फूट फिल्म लागते. नवशिकी माणसं चुकणार म्हणून चौपट धरली. शंभर फुटांची पंधरा रिळं. माणसं चार: सर, मी, चांदीचा कागद चिकटवलेला प्लायवूड उन्हाकडं धरणारा एक, टेम्पोवाला एक. बेरीज पाच हजार आठशे. मी स्वतःकडं आरशात बघितलं. एवढा हुशार माणूस नगरात फुकट चालला होता.

सोमवारी बैठकीआधी चेअरमननी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. शाळा चौथीपर्यंत, पण गाडी वजनकाट्यावर चढायच्या आधी उसाचं टनेज सांगणारा माणूस. त्यांनी माझं एस्टिमेट आणि सरांची पटकथा शेजारी-शेजारी ठेवली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बाजाराच्या ओळीवर हसले.

“फोटोवाले, डोकं हाय तुमाला.”

मी विनयानं मान खाली घातली, पण फार नाही.

“ह्यो कॅमेरा कसा चालतो?”

“स्प्रिंगचा आहे साहेब. चावी भरायची. एका चावीत जेमतेम अर्धं मिनिट.”

“आन् आवाज?”

“आवाज त्यात येत नाही. निवेदन नंतर मुंबईत भरायचं.”

चेअरमनचं बोट शेवटच्या पानावर गेलं. “मंग ह्या म्हातारीचं भाषण? दीड पान बोलतीया ती. चावी मधीच संपायची न्हाई का? आन् व्हट हलणार, आवाज कुठनं आननार?”

मी माझ्या टिपणाचा कागद काढून बघितला. म्हातारीच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘एक बाई, एक उंबरा. खर्च नाही.’ दोन शब्दांची जत्रा मी पकडली होती आणि दीड पानाचं भाषण बिनखर्चाचं म्हणून सोडलं होतं. तोंड हलणाऱ्या माणसाचा आवाज जागेवरच घ्यायचा, तर मोटरवर चालणारा, आवाज न करणारा कॅमेरा, टेपयंत्र आणि ते चालवणारा माणूस, सगळं मुंबईहून. नाहीतर म्हातारीला मुंबईला नेऊन तासावारी भाड्याच्या स्टुडिओत बोलायला लावायचं. कसंही धरलं तरी सात हजारांच्या वर. डोळ्यांपुढं पुन्हा पासपोर्टचे फोटो यायला लागले.

“सात-साडेसात होतील,” मी पुटपुटलो.

“मंग कडबा,” चेअरमन म्हणाले आणि पटकथा सरांकडं सरकवली. “न्हाईतर म्हातारीला गप बसवा, मास्तर. बाकी समदं बसतंय.”

त्या भाषणासाठी सरांनी तीन महिने घालवले होते. मला तोंडपाठ ऐकवलं होतं, दोनदा. ते थरथरतील, काहीतरी संस्कृत म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याच खिशातली पेन्सिल काढली, लाल बाजूनं दीड पानावर आडवी रेघ ओढली आणि समासात लिहिलं: ‘ती गप्प बसते.’ लिहून झाल्यावर पेन्सिल परत माझ्या खिशात ठेवली.

बैठकीत एस्टिमेट पास झालं. कॅमेरा माझ्या हातात आला.

शेवटचा प्रसंग एका खऱ्याच म्हातारीच्या उंबऱ्यावर घेतला. तिचा मुलगा खरोखर ऊसतोडीला गेला होता. मी चावी भरली. ती रस्त्याकडं बघत बसली. स्प्रिंग उतरेपर्यंत पापणी लवली नाही. सर माझ्यामागं उभे होते आणि ओठांतल्या ओठांत अख्खं दीड पान म्हणत होते.

“झालं, आजी,” मी म्हणालो.

“येवढंच?” म्हातारी म्हणाली. “आरं, मग मला बोलाय का न्हाई सांगितलं? लई बोलायचं हुतं.”

पुढं सरांनी गावभर सांगितलं, की ते मौन त्यांना पहिल्यापासूनच सुचलं होतं. मीही कुठं मोडता घातला नाही. ‘खर्च नाही’ लिहिलेला तो कागद माझ्याकडं होता आणि तो मी कुणाला दाखवलेला नाही.