खंडोजीरावांची एक्केचाळीस कार्डं

खंडोजीराव लाड हे पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षे स्टोअरकीपर होते. राजाजीनगरात आमच्या मागच्या गल्लीत राहत. चार पिढ्यांपूर्वी घराणे इकडे कानडी मुलखात आले, त्यामुळे त्यांचे मराठी आमच्यासारखेच, निम्मे कानडीला टेकलेले. मला ते अण्णा म्हणत, मी वयाने सहा वर्षांनी मोठा म्हणून.

त्यांच्या स्टोअरमध्ये मी एकदाच गेलो होतो. प्रत्येक खणाला दोऱ्याने एक कार्ड बांधलेले. वस्तूचे नाव, खण क्रमांक, काय आले, काय गेले, काय उरले. याला बिन कार्ड म्हणतात. संगणक आल्यावर बाकीच्या कारखान्यांनी ही कार्डे रद्दीत दिली, खंडोजीरावांनी ठेवली. वर्षाकाठी मोजणीच्या दिवशी ते एकेका खणासमोर उभे राहत आणि बेअरिंगच्या खणात एखादा सील सापडला, तर तो कोणी, कशासाठी तिथे ठेवला याचा छडा लावल्याशिवाय घरी जात नसत. "माल चुकीच्या जागी आहे म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं आहे," असे ते म्हणत. त्यांच्या सव्वीस वर्षांत हे जवळजवळ दर वेळी खरे ठरले होते, हीच अडचण झाली.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत कंपनीने कारखाना बंद करण्याची परवानगी मागितली. कंपनी जर्मन गटाची. शंभरावर कामगार असलेला कारखाना तेव्हा सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येत नव्हता. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून सरकारने साठ दिवसांत निर्णय द्यायचा, नाहीतर परवानगी मिळाली असे धरले जाई. कामगार दोनशे बारा. अर्जात कारण एकच होते, तोटा. आदल्या वर्षी दोन कोटी दहा लाखांचा.

युनियनचे सेक्रेटरी मोहनकुमार यांच्यापुढे प्रश्न होता की या तोट्याला उत्तर काय द्यायचे. खंडोजीराव युनियनचे खजिनदार आणि रात्रीच्या कॉलेजातून बीकॉम झालेले. त्यांनी उत्तर शोधण्याचे काम अंगावर घेतले. चौपन्नाव्या वर्षी पीण्यात दुसरी नोकरी मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

जर्मनीतल्या मूळ कंपनीच्या वार्षिक अहवालात, अगदी शेवटच्या पानांवर, गटातल्या सगळ्या कंपन्यांची यादी असते. नाव, गाव, किती टक्के मालकी. त्यांनी ती छापून आणली. एकशे सत्त्याऐंशी कंपन्या. त्यांतल्या एक्केचाळीस अशा देशांत, जिथे कर कमी किंवा शून्य. सिंगापूर नऊ, स्वित्झर्लंड आठ, केमन बेटे सात, आयर्लंड सहा, हाँगकाँग पाच, लक्झेंबर्ग चार, एक मॉरिशस आणि एक बर्म्युडा. प्रत्येकीचे त्यांनी एक बिन कार्ड केले. वस्तूच्या जागी कंपनीचे नाव, खणाच्या जागी देश, शिल्लक लिहायच्या जागी कराचा दर.

एका रविवारी त्यांनी ही कार्डे माझ्यापुढे जमिनीवर मांडली. त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी कॉफी घेऊन आल्या तर पेला ठेवायला जागा नव्हती.

"हे बघा अण्णा, नफा कुठे गेला ते. एवढी दुकानं तिथे थाटलीत ती काय हवा खायला?"

मी पस्तीस वर्षे एका सनदी लेखापालांच्या कचेरीत काढली आहेत. अशा गटांची कागदपत्रे पाहिली आहेत. मी त्यांना शक्य तेवढे सांगितले. साठ देशांत माल विकणाऱ्या गटाची सिंगापुरात शाखा असणारच, आशियातली जहाजे तिथे लागतात आणि त्यांचे पंप तिथेच दुरुस्त होतात. आयर्लंडमध्ये खराखुरा कारखाना असू शकतो. दुसरी कंपनी विकत घेतली की तिची पिल्लेही पदरात येतात, त्यांतली कित्येक नुसती नावाला उरलेली असतात. कुठे चार देशांचे भागीदार एकत्र येतात, त्यांना एकमेकांच्या देशातला कायदा नको असतो, तिसरा हवा असतो. कुठे लाभांश तीन देशांतून फिरताना तीनदा कर बसू नये म्हणून मधे एक कंपनी उभी करतात. आणि हो, काही निव्वळ कर वाचवायलाच असतात, तेही बहुतेक वेळा कायद्यात बसवूनच. पण नुसता पत्ता पाहून यांतले कोणते ते कळत नाही. तिथे माणसे किती, निर्णय कोण घेते, नफा किती दाखवला, आणि मुख्य म्हणजे पीण्यातून तिथे पैसे गेले का, हे पाहावे लागते.

"चोर सापडल्यावर त्याची पगारपत्रकं मागायची का?" ते म्हणाले. पण रागाने नाही. मी कचेरीतला सावध माणूस, एवढेच त्यांनी मनात धरले असावे.

सुनावणीला चार दिवस उरले असताना मी शंभर रुपये भरून सरकारी संकेतस्थळावरून पीण्याच्या कंपनीचे स्वतःचे हिशेब काढले. ते कोणालाही मिळतात. आपल्याच गटातल्या कंपन्यांशी झालेले व्यवहार त्यात एका टिपेत द्यावे लागतात. टीप सव्वा पानाची होती. एक्केचाळीसांपैकी एकाही कंपनीला पीण्यातून एक रुपया गेलेला नव्हता. गेले होते ते मूळ जर्मन कंपनीला, पंपाचे डिझाइन वापरण्याची रॉयल्टी म्हणून. तीन वर्षांपूर्वी ती विक्रीच्या दोन टक्के होती, आता सहा. विक्री शहाण्णव कोटी. जुनाच दर राहिला असता तर तीन कोटी चौऱ्याऐंशी लाख इथेच उरले असते आणि तोट्याच्या जागी पावणेदोन कोटींच्या आसपास नफा दिसला असता.

यानेही लबाडी सिद्ध होत नव्हती. डिझाइन नवे असेल, दर बाजाराला धरून असेल. पण हा प्रश्न या कारखान्याचा होता आणि त्याचे उत्तर कंपनीला द्यावे लागले असते. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी टीप दोनदा वाचली. मग भिंतीला टेकून म्हणाले, "अण्णा, हे जर्मनी. तिथे कर आपल्यापेक्षा जास्त. सगळ्यात महागड्या गोदामात माल लपवायला कोण जातो?"

कारणे अनेक असू शकत होती. पैशाची निकड असेल, तिकडचा तोटा भरायचा असेल, किंवा त्यात काहीच नसेल. का ते ठाऊक नसतानाही विचारता येते, असे मी म्हटले. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, कार्डांच्या खाली. वेळ उरला तर वाचेन म्हणाले.

सुनावणी एप्रिलमध्ये झाली. मी रजा टाकून मागच्या खुर्चीवर बसलो होतो. कंपनीच्या बाजूने त्यांच्या वित्तप्रमुख आल्या होत्या, भार्गवी नावाच्या, पस्तिशीतल्या. सुनावणी घेणारे सरकारी अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी युनियनला पुरेसा वेळ दिला.

खंडोजीराव उभे राहिले आणि एकेक कार्ड वाचू लागले. कानडीत, स्वच्छ आवाजात, कंपनी, देश, दर. केमनची सात कार्डे आली तेव्हा मागच्या बाकावरच्या कामगारांत कुजबुज झाली. मोहनकुमार माझ्या कानाशी म्हणाले, जगभर घरे बांधलीत आणि आमच्या छपराला पत्रा नाही. एक्केचाळिसावे कार्ड वाचून होईपर्यंत वेळ संपत आला होता.

भार्गवीबाईंनी एकही गोष्ट नाकारली नाही. केमनच्या सातही कंपन्या एका अमेरिकन कंपनीच्या खरेदीबरोबर आल्या, पाच मोडीत निघायच्या आहेत. बर्म्युडात गटाची स्वतःची विमा कंपनी आहे. मॉरिशसची कंपनी भारतातल्या जुन्या गुंतवणुकीसाठी होती, आणि तेव्हा ती दोन देशांमधल्या करारातल्या कराच्या सवलतीसाठीच काढली, हे त्या सरळ बोलल्या. आयर्लंडमध्ये तीनशे माणसे काम करतात. मग त्यांनी ती सव्वा पानाची टीप पुढे केली, मी आणली होती तीच, आणि म्हणाल्या की या एक्केचाळीसांपैकी कोणाशीही पीण्याचा व्यवहार नाही.

अधिकाऱ्यांनी खंडोजीरावांकडे पाहिले. "यांतल्या कुठल्या कंपनीला तुमच्या कारखान्यातून पैसे गेले, ते सांगता?"

ते कार्डे चाळू लागले. पहिल्यापासून. मी पाहत होतो, पिशवी त्यांच्या पायाशी होती आणि कागद तिच्या तळाशी. मी मागून हात वर केला, पण मी युनियनचा कोणी नव्हतो आणि तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. शेवटी ते म्हणाले, "ते यादीत नाही, सर." अधिकाऱ्यांनी तेवढे टिपून घेतले.

बाहेर व्हरांड्यात भार्गवीबाई त्यांच्यापाशी थांबल्या. आम्ही मराठी आहोत हे आमचे बोलणे ऐकून त्यांना कळले असावे. पुण्याच्या मराठीत हळूच म्हणाल्या, "काका, यादी तुम्ही अगदी बरोबर केली होती. एकही चूक नाही." त्यांना बरे वाटावे म्हणूनच म्हणाल्या असतील. खंडोजीरावांनी मान हलवली आणि "सरी, सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे.

बसमध्ये त्यांनी पिशवीतून तो कागद काढला आणि राजाजीनगर येईपर्यंत मांडीवर उघडा धरून ठेवला.

परवानगी मिळाली. पुनर्विचाराचा अर्ज मी लिहून दिला, त्यात रॉयल्टीचाच मुद्दा होता. संधी असताना हा मुद्दा मांडला नव्हता, म्हणून तो नामंजूर झाला. तो वेळेत मांडला असता तर काय झाले असते ते सांगता येत नाही. कदाचित कंपनीने दराचा दाखला दिला असता आणि कारखाना तरीही गेला असता. पण ते विचारलेच गेले नाही. खंडोजीरावांना तेरा महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी मिळाली. मोहनकुमारांनी त्यांना कधी दोष दिला नाही. दोनशे बारांपैकी काहींनी दिला. रस्त्यात समोरून आलेला माणूस त्यांना पाहून दुकानात शिरल्याचे मी दोनदा पाहिले.

आता ते चिकपेटेत एका हार्डवेअरच्या दुकानात रोजंदारीवर काम करतात. दुकानात बिन कार्डे नाहीत, मालकाला नको आहेत. गेल्या महिन्यात मी कड्या घ्यायला गेलो, तेव्हा ते शिडीवर बसून बिजागऱ्या मोजत होते. खाली उतरले, खिशातल्या पाकिटातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिले. बेचाळिसावे. मूळ कंपनीचे नाव, देश जर्मनी, दर तीस टक्के. खाली रॉयल्टी, दोन टक्के, मग चार, मग सहा, तारखांसह, त्यांच्या त्या सरळ अक्षरात.

"हे आधी केलं असतं तर..." ते म्हणाले. मालकाने हाक मारली तसे कार्ड परत घेऊन पाकिटात ठेवले. मग शिडीवर चढले आणि बिजागऱ्या पहिल्यापासून मोजू लागले, कारण मधे आकडा सुटला होता.