आतल्या दाराची कडी

चिखली. श्रावणातला सोमवार, शाळेची अर्धी सुट्टी. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती.

हजर: घराची मालकीण काकू, कडी बसवायला आलेले मिस्त्री, शेजारच्या किराणा दुकानदाराची बायको आणि मी. काकूंचा पुतण्या मागाहून आला.

ही हजेरी मी मुद्दाम लिहून ठेवली होती, कारण वकिलांनी तसं सांगितलं होतं. कडी बसताना काकू समोर हव्यात, आणि त्यांनी होकार दिल्याचं ऐकणारं आणखी कोणी हवं.

मी मुलींच्या शाळेत बदलून आले तेव्हा काकूंच्या घरातली पुढची खोली घेतली. खोलीला दोन दारं होती. एक ओसरीवर उघडायचं, दुसरं आत माजघरात. आतल्या दाराला कडी होती ती माजघराच्या बाजूनं, माझ्या बाजूनं काहीच नाही. खोली देताना काकूंनी अटी सांगितल्या. दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. खाटेखालची पत्र्याची पेटी हलवायची नाही. कोनाड्यातला दिवा रोज दिवेलागणीला त्या स्वतः येऊन लावतील. ओसरीच्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्या कमरेला राहील.

मी सगळ्याला हो म्हटलं. खोली कोरडी होती आणि शाळा जवळ.

ती खोली त्यांच्या नणंदेची. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, ती शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. काकू तिच्याबद्दल बोलताना ‘होती’ असं क्वचितच म्हणत.

शाळेतून आले की मला खोलीत बदल दिसायचे. मी पूर्वेला ठेवलेली उशी दक्षिणेला गेलेली असायची. खाटेशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर झाकण. माझा तांब्या वेगळा होता आणि तो कोपऱ्यात, होता तिथेच असायचा.

“काकू, हा तांब्या कोणाचा?”

“तिचा. तुमाले काही अडचण हाय का?”

“नाही, पण उशी...”

“तिची सवय हाय ते. तुम्ही झोपताना फिरवून घेत जा ना.”

मी फिरवून घेत असे. मला आवराआवरीची सवयच होती, उशीचं काही वाटत नसे. पण संध्याकाळी वह्या तपासताना आतलं दार हलकेच ढकललं जायचं, काकू तेलाची पळी घेऊन यायच्या, आणि दिवा लावून झाला तरी दाराकडे पाहत क्षणभर थांबायच्या, मागून येणाऱ्याला वाट दिल्यासारख्या. तेव्हा माझी मान आपोआप खाली जायची.

पोळ्याच्या आधी खोली रिकामी करा, असं पुतण्यानं मला ओसरीवर उभं राहूनच सांगितलं. धामणगाव बढे गावातला व्यापार सोडून तो चिखलीत दुकान टाकणार होता. मी त्याला म्हटलं, “भाडेकरूला असं काढता येत नाही. आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागते.” आमच्या शाळेतल्या शिवणबाई पलीकडच्या गल्लीत वेगळ्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांच्या मालकाला तीच परवानगी मिळाली नव्हती आणि त्या निर्धास्त होत्या. मीही स्वतःला तशीच समजत होते.

वकिलांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आतलं दार कोण लावतं?”

“काकू.”

“कुलपाची दुसरी किल्ली?”

“त्यांच्याकडे.”

“खोलीत त्यांचं सामान?”

मी पेटी, दिवा आणि तांब्या सांगितला. तांब्यापाशी त्यांनी चष्मा काढला.

“बाई, तुम्ही भाडेकरू नाही. त्यांच्या घरात त्यांच्या परवानगीनं राहता. राज्य बदललं तरी वऱ्हाडात घरभाड्याचा जुनाच हुकूम चालू आहे, आणि त्याचं संरक्षण भाडेकरूला. तुमच्या शिवणबाईंच्या दारातून मालक न विचारता आत येत नाही. तुमच्या दारातून मालकीण रोज येते. परवानगी काढून घेतली की वाजवी मुदतीत निघायचं. सामान रस्त्यावर फेकता येणार नाही, इतकंच.”

“एकच खोली आहे म्हणून?”

“नाही हो. मालकाच्या घरातली एक खोलीसुद्धा भाड्याची होऊ शकते. पण ती पूर्ण तुमच्या ताब्यात पाहिजे. नुसत्या कडीनं सगळं होत नाही, कोर्ट सगळंच पाहतं. तरी मालकिणीनं राजीखुशीनं येणं सोडलं, किल्ली दिली, सामान उचललं, तर मला बोलायला जागा होईल.”

मी परत येऊन काकूंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“तुम्ही गेल्या का तो येईन,” त्या म्हणाल्या. “तो आला का मले चुलीपाशी बसवीन. लावा कडी. पण तिले सांगून ठेवतो मी.”

म्हणून तो सोमवार. मिस्त्रींनी भोकं पाडली. काकूंनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली, कोनाड्यातला दिवा माजघरात नेला. पेटी आम्ही दोघींनी उचलून माजघरात ठेवली.

तेवढ्यात पुतण्या आला.

“काऊन हो काकू, घरात सुतारकाम काढलं?”

“बाईंची खोली हाय. बाईंले कडी पाहिजे.”

“बाईंची? कालपर्यंत तं आत्याची होती!”

“तू आत्याले भेटाले कवा आला होता बे?”

दुकानदाराची बायको पदरात हसली. मिस्त्री शेवटचा स्क्रू पिळत म्हणाले, “देखो बाई, हत्ती आला तरी उघडायची नाही.” पुतण्या पाय आपटत गेला.

दिवेलागण झाली. मी कडी लावून वह्या घेऊन बसले. पहिल्यांदाच ती खोली माझी होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

दार हललं. रोजच्यासारखंच, हलकेच. कडी अडली.

सवय, मी मनात म्हटलं. काकू विसरल्या.

पुन्हा ढकललं. जोर नव्हता. आपलंच दार का उघडत नाही हे न समजलेल्या माणसासारखं. मी हाक मारली, “काकू, दिवा आता माजघरात ना?”

उत्तर आलं ते ओसरीच्या बाजूनं, अंगणातल्या विहिरीवरून. “हाव बाई, येतोच! बादली भरून राह्यलो.”

रहाट करकरत होता. माझ्यासमोर दार तिसऱ्यांदा हललं.

घरात तिसरं कोणी नव्हतं. मी उठले आणि कडी काढली. दार थोडं आत आलं. माजघर रिकामं होतं, जमिनीवर ठेवलेला दिवा सरळ जळत होता.

काकू बादली घेऊन आल्या तेव्हा मी पेटी एकटीच ओढत परत खाटेखाली नेत होते. त्यांनी बादली खाली ठेवली. दिवा कोनाड्यात ठेवला, मी किल्ली पुढे केली, ती त्यांनी कमरेला लावली. मग तांब्या भरून आणला.

वकिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पुन्हा त्यांच्या मर्जीवर.” मी हो म्हटलं. काय घडलं ते मी सांगितलं नाही.

काकू होत्या तोवर ती मर्जी फिरली नाही. पुतण्या आला की त्या एवढंच म्हणत, “माह्या घरात कोण राहीन ते मी ठरवीन.” त्या गेल्यावर मात्र त्यानं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. ती वाजवी होती, आणि माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं. मी वेळेत खोली सोडली. पेटी तिथेच ठेवली, कारण खोली जिची, पेटीही तिचीच.

शेवटच्या आजारपणात काकूंनी मला एक काम सांगितलं होतं. “जाताना तेवढी कडी उपसून घ्या. चुकून लागली तं तिले अडते.” जाण्याच्या दिवशी मिस्त्री सुलतानपूरला लग्नाला गेले होते, आणि गंजून बसलेले स्क्रू मला निघाले नाहीत.

माझ्या कामांच्या यादीत ते अजून वरच आहे. चिखलीला गेले की त्या गल्लीतून जाते. घराला पुतण्याचं कुलूप आहे. तो तिथे राहत नाही. कडी आत आहे. लागलेली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.